नाडीची पिशवी: माझा सहा ओळींचा कागद आणि भाचीने काढलेल्या चुका

मे महिन्यात भाची आलेली इचलकरंजीला, नववीतून दहावीत गेलेली, आणि आईचं पायमशीन बघून म्हणाली मामा मला काहीतरी शिवायला शिकव. आता मी काही शिंपी नाही, पण आईने आयुष्यभर गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवले आणि मी बाजूला बसून बॉबिन भरत मोठा झालोय, त्यामुळे सरळ टीप मला मारता येते आणि नाडीची पिशवी तर झोपेत शिवेन. म्हणून मी एका कागदावर सहा ओळी खरडल्या, मापं लिहिली, तिच्या हातात दिला आणि म्हटलं हे बघून कर, अडलं तर हाक मार. आणि कामाला निघून गेलो.

संध्याकाळी आलो तर पिशवी शिवून तयार होती. पण नाडीचं तोंड पिशवीच्या आतल्या बाजूला उघडत होतं. म्हणजे नाडी ओढायची तर हात पिशवीत घालायला लागायचा, आणि हात आत असताना पिशवी बंद कशी होणार. आई खाटेवर बसून हसत होती, तिला सकाळीच दिसलेलं म्हणे, पण बोलली नाही, "तू लिहून दिलंयस ना, तसंच केलंय पोरीनं". आणि खरंच तसंच केलं होतं, कागद काढून परत वाचला तर चूक माझ्याच ओळीत होती.

तर त्या एका पिशवीपासून सहा पिशव्या होईपर्यंत तो कागद किती वेळा बदलला ते लिहितोय. कुणाला अगदी पहिल्यांदाच मशीनवर बसून पिशवी शिवायची असेल तर उपयोग होईल, कारण ज्याला येतं तो लिहिताना काय काय गाळतो ते मला या निमित्ताने कळलं.

आधी मापं. शिवून झाल्यावर पिशवी १० इंच रुंद आणि १२ इंच उंच पाहिजे होती, आईला कडधान्यं ठेवायला, यात दोन किलो तांदूळ आरामात बसून वर तोंड नीट आवळलं जातं. एकाच लांब तुकड्याची करायची, खाली घडी येते त्यामुळे तळाला शिवण लागत नाही, नवशिक्याला हे सोपं आणि तळ उसवायची भीती पण नाही. तर तुकडा ११ इंच रुंद आणि २७ इंच लांब. रुंदीत १० पिशवीचे आणि दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच शिवणीचा. लांबीत १२ इंच पुढची बाजू, १२ मागची, आणि दोन्ही टोकांना नेफ्यासाठी दीड दीड इंच. नाडीसाठी दोन पट्ट्या, प्रत्येकी दीड इंच रुंद आणि २८ इंच लांब. एवढंच कापायचं असतं, तीन तुकडे.

हे माझ्या कागदावर बरोबर होतं. पण "कापड धुऊन घे" ही ओळ नव्हती, कारण आमच्या घरात कापड आणलं की ते बादलीत जातंच, त्यात लिहायचं काय असं मला वाटलेलं. भाचीने दुकानातून आणलेला मांजरपाट तसाच बेतला. आमच्या गावात सगळे मागाच्या धंद्यातले, त्यामुळे आईने लगेच सांगितलं का धुवायचं ते. मागावर उभा धागा सतत ताणलेला असतो, आणि तो तुटू नये म्हणून त्याला सायझिंगमध्ये खळ लावलेली असते. कोरं कापड म्हणून कडक लागतं हाताला. पहिल्या धुण्याला खळ निघते, धागा ताण सोडतो आणि कापड लांबीत आखडतं, रुंदीतही आखडतं पण कमी. आमचा २७ इंचाचा एक तुकडा मुद्दाम भिजवून वाळवून मोजला तर २६ भरला, म्हणजे पिशवीची उंची अर्ध्या इंचाने गेली. त्याने आभाळ कोसळत नाही, पण नाडीला एक कापड आणि पिशवीला दुसरं वापरलं असेल, किंवा आतून अस्तर लावलं असेल, तर एक आखडतं आणि दुसरं नाही आणि मग पिशवी फुगे आल्यासारखी दिसते. म्हणून साध्या पाण्यात तासभर भिजवायचं, पिळायचं नाही फार, दोरीवर वाळवायचं आणि किंचित दमट असतानाच इस्त्री फिरवायची. रंगीत असेल तर वेगळं भिजवायचं हे सांगायला नको.

इस्त्री झाली की कापड सरळ आहे का बघायचं. दुकानदार कात्री चालवतो ती नेहमी धाग्याला धरून चालतेच असं नाही. आईची पद्धत अशी की कडेला कात्रीने अर्धा इंच चीर द्यायची, एक आडवा धागा पकडून हळूहळू ओढायचा, कापडात एक रेघ दिसायला लागते, त्या रेघेवर कापायचं. धागा मध्येच तुटला तर तिथपर्यंत कापून परत पुढचा पकडायचा. हे करायला दहा मिनिटं जातात आणि भाचीला कंटाळा आला, पण हे केलं नाही तर पिशवी शिवल्यावर एका बाजूला पिळते, तळाचा एक कोपरा पुढे आणि एक मागे, आणि तेव्हा काही करता येत नाही.

आता किती कापड आणायचं. भाचीने सहा पिशव्यांचा हिशोब केला, कापडाचा पन्हा ४४ इंच, पिशवी ११ इंच, म्हणजे चार बरोब्बर बसतात, असं तिने आनंदाने सांगितलं. कागदावर बसतात. पण धुतल्यावर पन्हा ४३ च्या आसपास झालेला, त्यात दोन्ही कडेचे काठ घट्ट विणलेले असतात ते अर्धा अर्धा इंच काढून टाकायचे, राहिले ४२. त्यात ११ चे तीनच तुकडे बसतात, ३३ इंच, आणि बाजूला ९ इंचाची एक लांब पट्टी उरते. तिला वाटलं वाया गेलं. पण आम्ही दीड मीटर कापड आणलं होतं, ते साधारण ५९ इंच, धुऊन ५६ च्या थोडं वर भरलं. लांबीत २७ चे दोन तुकडे, म्हणजे तीन गुणिले दोन सहा पिशव्या. आणि ती उरलेली ९ इंचाची पट्टी? दीड इंचाच्या सहा पट्ट्या, प्रत्येक मधोमध कापली की २८ इंचाच्या बारा. सहा पिशव्यांना बाराच नाड्या लागतात! हे काही मी ठरवून केलेलं नव्हतं, पण ती एवढी खूश झाली की कागदावर तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, दीड मीटर, ४४ पन्हा, सहा पिशव्या नाडीसकट. शेवटची पट्टी जरा बारीक आली, सव्वा इंच, चालून गेली.

बेतताना लांबी नेहमी कापडाच्या उभ्या धाग्यावर, म्हणजे काठाला समांतर. भरलेल्या पिशवीचं वजन खाली ओढतं आणि उभा धागा कमी ताणतो.

दुसरी गंमत हत्तींची झाली. ती पहिली मांजरपाटाची बिघडल्यावर तिने आईच्या गाठोड्यातून एक छापील कापड काढलं, छोटे छोटे हत्ती एका रांगेत, सगळे सोंड वर करून उभे. बेतून, घडी घालून धरलं आणि ओरडली, मामा मागचे हत्ती डोक्यावर उभे आहेत. अर्थात, एकच तुकडा खाली दुमडून वर आणला की मागची बाजू उलटी येणारच. ज्या छापाला वर-खाली असतं, हत्ती, झाडं, अक्षरं, कुयऱ्या सुद्धा कधी कधी, त्याला दोन वेगळे तुकडे कापायचे, प्रत्येकी ११ बाय १४, म्हणजे १२ उंची, दीड नेफा आणि तळाच्या शिवणीला अर्धा इंच, आणि दोन्हीचे हत्ती एकाच दिशेला ठेवून जोडायचे. तळाला मग दुहेरी टीप मारायची कारण वजन तिथे येतं. मांजरपाट, चौकडी, ठिपके, उभ्या रेघा यांना हा प्रश्नच नाही. मी आयुष्यभर मांजरपाटाच्याच शिवल्या म्हणून माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मशीनवर बसण्याआधी एक काम आहे, कडांचं. कापलेल्या कडेचे धागे सुटत राहतात आणि पिशवीत डाळ असेल तर ते धागे डाळीत येतात. आईच्या मशीनला झिगझॅग नाही, म्हणून लांबीच्या दोन्ही कडा कोपऱ्यावरच्या दुकानातून इंटरलॉक करून आणल्या. इथेही एक सांगायचं राहिलं होतं माझं, इंटरलॉकच्या मशीनला पातं असतं, ते टाका घालता घालता कड कापत जातं. त्या माणसाने पहिल्या तुकड्याची दोन्हीकडून जवळजवळ पाव पाव इंच कापली, ११ चा साडेदहा झाला. तेव्हापासून सांगूनच देतो, "कापायचं नाही, फक्त कडेला". ते करतात, सांगावं लागतं एवढंच. हे जमत नसेल तर शिवण झाल्यावर दोन्ही पदर एकत्र धरून हाताने काठावर गुंडाळून टाके घालायचे, वेळ जातो पण होतं.

आता खरी जागा, जिथे माझा कागद चुकला होता.

तुकडा जमिनीवर सुलटी बाजू वर करून पसरायचा, खालचं टोक उचलून वरच्या टोकाला आणायचं, म्हणजे सुलट्या बाजू आत समोरासमोर आणि उलटी बाहेर. दोन्ही बाजूंना टाचण्या लावायच्या. खाली घडी, वर दोन उघडी टोकं. आता बाजूची टीप वरच्या टोकापर्यंत मारायची नसते, वर थोडी जागा सोडायची असते, तिथूनच नाडी आत जाते. किती सोडायची? मी लिहिलं होतं, "वरून दीड इंच सोडून". कारण नेफ्याला आपण दीड इंच ठेवलाय असं डोक्यात. आणि हेच चुकीचं आहे.

नेफा दुमडतो तेव्हा काय होतं ते बघा. वरचं टोक आधी अर्धा इंच आत दुमडायचं, मग अजून एक इंच. म्हणजे दीड इंच कापड आत गेलं, आणि पिशवीचं वरचं तोंड टोकापासून दीड इंचावर आलं. पण नेफा म्हणजे पोकळी, तिला दोन पदर असतात, आतला आणि बाहेरचा. आतला पदर त्या दीड इंचातून झाला, बाहेरचा पदर कुठून? तर घडीच्या खालचा पुढचा एक इंच. म्हणजे नेफ्याचा हिशोब कापडावर दीड अधिक एक, अडीच इंचापर्यंत जातो. मी दीड इंचावर टीप सुरू करायला सांगितली, त्यामुळे बाहेरचा पदर बाजूने शिवला गेला आणि आतला उघडा राहिला. नाडीचं तोंड आत. पोरीने जसं लिहिलंय तसंच केलं, एक सूतभरही चूक नाही.

मी स्वतः शिवतो तेव्हा अडीच इंचावरच सुरू करतो, हात आपोआप तिथे जातो, लिहिताना मात्र दीड लिहिला. आई म्हणाली, हाताला माहितीये, तुला नाही.

तर: वरच्या टोकापासून खाली अडीच इंचावर दोन्ही बाजूंना खडूने खूण. खूण दोन्ही पदरांवर. तिथून टीप सुरू, कडेपासून अर्धा इंच आत, खाली घडीपर्यंत. बाजूची टीप बरोबर ११ इंच भरते, मोजून बघा, ११ पेक्षा जास्त असेल तर खूण चुकलीये. पट्टी ठेवून अर्ध्या इंचावर रेघ मारून घेतली तर नवशिक्याची टीप वाकडी जात नाही. आम्ही मशीनच्या प्लेटवर सुईपासून अर्ध्या इंचावर एक चिकटपट्टी लावली, कापडाची कड त्या पट्टीला लावून चालवायची, नजर सुईवर नाही पट्टीवर ठेवायची. याने जेवढा फरक पडला तेवढा माझ्या बोलण्याने पडला नाही.

सुरुवातीला आणि शेवटी चार टाके पुढे, चार मागे, परत पुढे. आईच्या मशीनचा टाक्याचा दांडा वर केला की उलटं चालतं. ज्याच्या मशीनला ते नाही त्याने चार टाके घालून कापड सुईवर फिरवायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. अडीच इंचाच्या खुणेपाशी हे पक्कं पाहिजेच, कारण नाडी ओढली की सगळा ताण तिथेच येतो आणि पिशवी पहिल्यांदा तिथेच उसवते.

मशीनचं थोडक्यात. मांजरपाट जाड नसेल तर १४ नंबरची सुई, जाडजूड असेल तर १६. टाका एका इंचात दहा-अकरा बसतील असा, खडूने इंच आखून मोजायचे. तिचं पहिल्या दिवशी कापडाच्या खाली दोऱ्याचं जाळं व्हायला लागलं, वरून टीप छान आणि खालून गुंता, आणि ती बॉबिन काढून घालून काढून घालून दमली. खाली गुंता दिसला की माणूस खालीच बघतो पण बहुतेक वेळा भानगड वरच्या दोऱ्याची असते. तिने फूट, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणारा पाय, खाली असताना दोरा ओवला होता, त्यामुळे दोरा ताणाच्या चकत्यांच्या मध्ये बसलाच नाही, नुसता वरून गेला. फूट वर करायचा, वरचा दोरा पूर्ण काढून पहिल्यापासून ओवायचा. आणि सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे हाताने धरून ठेवायची पहिले तीन चार टाके. पायमशीनवाल्यांनी चाक उलटं फिरलं तर दोरा तुटतो हेही लक्षात ठेवायचं, पाय सरावाचा नसेल तर पहिला अर्धा तास दोरा न ओवता, फूट वर करून नुसतं मशीन चालवावं.

बाजू शिवून झाल्या की शिवण उघडून इस्त्री करायची, एक पदर डावीकडे एक उजवीकडे. आणि ही इस्त्री टीप संपते तिथे थांबवायची नाही, वर जिथे अडीच इंच उघडं आहे तिथेही तसाच अर्धा इंच दोन्हीकडे दुमडत वरपर्यंत न्यायची. म्हणजे कुर्त्याच्या बाजूचा कट असतो ना, अगदी तसं दिसायला लागतं. मग त्या कटाच्या भोवती टीप, एका बाजूने वरून खाली, टीप सुरू होते त्याच्या अगदी खाली आडवे तीन चार टाके, आणि दुसऱ्या बाजूने वर. इंग्रजी यू सारखी. कड इंटरलॉक केलेली असेल तर एवढंच पुरतं, नसेल तर ती कड पाव इंच आत घेऊन मग टीप. माझ्या पहिल्या कागदावर ही पायरी नव्हतीच. पायरी गाळली तरी पिशवी होते, पण नाडी आत जाते तिथे कापडाचे सुटे धागे नाडीबरोबर ओढले जातात आणि महिनाभरात ते भोक विस्कटतं.

आता नेफा. पिशवी अजून उलटीच आहे. वरची कड अर्धा इंच दुमडून इस्त्री, मग एक इंच दुमडून इस्त्री. इस्त्री न करता नुसत्या टाचण्यांवर केलं तर एका ठिकाणी एक इंच आणि दुसऱ्या ठिकाणी पाऊण इंच होतो, नाडी त्या पाऊण इंचात अडकते. आईने एक जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची एक इंचाची पट्टी कापून दिली, ती कापडावर ठेवायची, कापड त्यावर दुमडायचं आणि पुठ्ठ्यावरूनच इस्त्री फिरवायची. मग आतल्या घडीच्या कडेपासून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आत टीप, म्हणजे नेफ्यात सात सूत मोकळे राहतात. टीप कटापासून कटापर्यंत, पुढची बाजू वेगळी आणि मागची वेगळी. गोल फिरवत न्यायची नाही. कट ओलांडून टीप गेली की तोंड बंद.

इथे एक धोका आहे आणि तो तिच्याकडून झालाच. पुढचा नेफा शिवताना मागचा पदर मशीनखाली सरकतो, आणि आपण मजेत दोन्ही एकत्र शिवून टाकतो. पिशवीचं तोंडच शिवून बंद. उसवायला अर्धा तास गेला. उसवताना टीप ओढून काढायची नाही, दर तीन चार टाक्यांनी एक टाका ब्लेडने कापत जायचं आणि मग मागचा दोरा ओढायचा, अख्खा निघतो, कापडाला भोकं पडत नाहीत. त्यानंतर ती टीप मारायच्या आधी प्रत्येक वेळी पिशवीत हात घालून बघायची, मागचा पदर मोकळा आहे का.

नाडी. दीड इंचाची पट्टी, आधी मधोमध लांबीत दुमडून इस्त्री, उघडायची, दोन्ही कडा त्या मधल्या रेघेला आणायच्या, आणि परत मध्ये दुमडायची. चार पदर होतात, रुंदी तीन सूत. टोकं आधी आत दुमडून घ्यायची, मग उघड्या कडेवरून टीप. सात सुतांच्या नेफ्यात तीन सुतांची नाडी छान सरकते. भाचीला जाडजूड नाडी हवी होती, दिसायला चांगली म्हणून, तिने एका पिशवीला दोन इंचाची पट्टी घेतली, नाडी चार सुतांची झाली. सात सुतांत चार बसते हो, पण आवळताना नेफ्याचं कापड चुण्या होऊन नाडीवर गोळा होतं, त्याला जागा लागते. अर्ध्यावर येऊन अडकायला लागली. नेफा नाडीच्या दुप्पट, हे धरून चालायचं.

ओवायला सेफ्टी पिन, नाडीच्या टोकाला लावून. पिन छोटी नको, बोटांना कापडातून चाचपता आली पाहिजे. पहिली नाडी उजव्या कटातून आत, पुढच्या नेफ्यातून डाव्या कटापाशी बाहेर डोकावते, तिथून लगेच मागच्या नेफ्यात, आणि फिरून परत उजव्या कटातून बाहेर. दोन्ही टोकं उजवीकडे. दुसरी नाडी डावीकडून सुरू, पूर्ण फेरी, डावीकडेच बाहेर. मग दोन्ही बाजूंनी ओढलं की तोंड मधोमध आवळतं आणि आपोआप उघडत नाही. एकच नाडी घातली तरी पिशवी बंद होते, पण एका बाजूला गोळा होते आणि डाळ भरलेली असली की दुसऱ्या बाजूने फट राहते. २८ इंच कुठून आले तर तयार रुंदीची दुप्पट २० आणि वर ८, हातात धरायला आणि गाठीला.

तिसऱ्या चौथ्या पिशवीला ती स्वतःच माप बदलायला लागली, तिला शाळेच्या बुटांसाठी हवी होती. १० इंचात बूट जातच नाहीत, आम्ही प्रयत्न केला, एक जातो दुसरा अडतो. तेव्हा हिशोब असा केला की दोन्ही बूट जोडीने ठेवून भोवती टेप फिरवला, २२ इंच. निम्मे ११, एक इंच सैलपणा, एक इंच शिवण, म्हणजे कापायची रुंदी १३. बुटांची लांबी १० इंच, वर तोंड आवळायला ४, नेफ्याला दीड, झाले साडेपंधरा, त्याची दुप्पट ३१. तुकडा १३ बाय ३१. तयार रुंदी १२ म्हणून नाडी चोवीस अधिक आठ, ३२. अडीच इंचाची खूण तीच राहते, पिशवी कितीही मोठी केली तरी, कारण ती नेफ्यावर अवलंबून आहे, पिशवीवर नाही. हे तिने मला सांगितलं, मी नाही तिला.

बूट खाली बसावेत म्हणून तिला तळ रुंद हवा होता, तर उलट्या पिशवीचा खालचा कोपरा चिमटीत धरून बाजूची शिवण तळाच्या घडीवर बरोबर आणायची, त्रिकोण होतो, त्रिकोणाची रुंदी २ इंच होईल तिथे आडवी टीप. दोन्ही कोपऱ्यांना. पिशवीची उंची एका इंचाने कमी होते, तो इंच आधीच धरायला हवा होता, आम्ही धरला नव्हता, बूट बसले तरी.

सगळ्या झाल्यावर एक भानगड धुण्यात निघाली. तिने प्रत्येक नाडीच्या प्रत्येक टोकाला वेगळी गाठ मारली होती, छोटी, सुबक. तीन सुतांच्या नाडीची गाठ ती केवढी, आणि नेफा सात सुतांचा. आईने मटकीची पिशवी वॉशिंग मशीनला लावली आणि एक टोक गाठीसकट आत गेलं, मग आई दुपारभर सेफ्टी पिन घेऊन नेफ्यातून ते टोक चाचपत चाचपत बाहेर काढत बसली. आता एकाच बाजूची दोन्ही टोकं एकत्र धरून एकच गाठ मारतो, नाडीचं कडं होतं, आत जायला टोकच राहत नाही. कागदावर ही सगळ्यात शेवटची ओळ आहे आणि ती आजीने सांगून भाचीने लिहिली आहे, तिच्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून.